व्ह्यू बरोबर होता

माझ्या धाकट्या भावाला आमच्या ऑफिसात सगळे रेघोट्या म्हणतात. तो आर्किटेक्टकडे नकाशे काढतो आणि उरलेल्या वेळात शेअरच्या चार्टवर रेघा मारतो. दोन्ही कामं सुबक करतो, हे मी कबूल करते. त्याच्या रेघा बऱ्याचदा बरोबर निघतात, हेही कबूल करते. तेवढ्यानेच तर सगळा घात झाला.

आमचं शेअर दलालीचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला. एका हॉलमध्ये ग्राहकांच्या खुर्च्या, भिंतीवर मोठा स्क्रीन, आणि काचेपलीकडे डीलिंग डेस्क. डेस्कवर आम्ही दोघं, मी आणि काका. काका निवृत्तीला टेकलेत. बटणं अजून झपाझप मारतात, पण प्रश्न विचारून उत्तराकडे लक्ष द्यायचं त्यांनी केव्हाच सोडलंय. ग्राहक ऑर्डर सांगतो, आम्ही टाकतो. मात्र कुणी ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क, विकत घ्यायला आला, की ऑर्डर टाकण्याआधी आम्ही एकच प्रश्न विचारायचा, "रँक किती?" आणि ग्राहकाने तो आकडा बघून सांगायचा. ही पद्धत मी पाडली. मालकांना ती आवडत नाही, कारण माणूस विचार करायला थांबला की दलाली थांबते. मी ती भांडून टिकवली.

रँक म्हणजे काही गूढ नाही. ऑप्शनच्या किमतीत, शेअर किती उड्या मारेल याचा बाजाराने केलेला अंदाज मिसळलेला असतो. त्याला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणतात, आम्ही आयव्ही म्हणतो. पण नुसती आयव्ही बघून ती जास्त की कमी हे कळत नाही. एखाद्या शेअरला चाळीस म्हणजे रोजचं, एखाद्याला चाळीस म्हणजे अंगात आलेलं. म्हणून वर्षभरातली सगळ्यात कमी आयव्ही आणि सगळ्यात जास्त आयव्ही यांच्यामध्ये आजची कुठे बसते ते शंभरात मोजायचं. तळाशी असेल तर शून्य, डोक्यावर असेल तर शंभर. तो रँक. रँक वर असेल तर ऑप्शन महाग आहे. मग शेअर तुमच्या बाजूने गेला तरी तुम्ही बुडू शकता. हे वाक्य मी त्या हॉलमध्ये इतक्या वेळा म्हटलंय की चहावाल्यालासुद्धा पाठ असेल. माझ्या सख्ख्या भावाला नव्हतं.

त्या मंगळवारी मी दाढ काढायला गेले होते. मी नाही हे बघूनच तो आला, असं माझं मत आहे. तो म्हणतो, योगायोग. असो.

एका औषध कंपनीचा तिमाही निकाल त्या संध्याकाळी लागणार होता. शेअर आठशेवर होता. याच्या चार्टवर त्रिकोण झाला होता, वरची रेघ फुटायच्या बेतात होती, आणि याचं लक्ष्य होतं आठशे सव्वीस. त्याने आठशे वीसचा कॉल घ्यायचा ठरवला, पुढच्या गुरुवारी संपणारा. म्हणजे शेअर आठशे वीसच्या जितका वर जाईल तितकी त्याची कमाई. भाव होता साडेपंधरा. काकांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, "रँक किती?"

हा म्हणाला, "अठ्ठेचाळीस."

काकांनी मनात म्हटलं, पन्नासच्या आत आहे, चला. आणि ऑर्डर टाकली.

बुधवारी सकाळी सुजलेला गाल घेऊन मी डेस्कवर आले, तर हॉलमध्ये टाळ्या. निकाल चांगला लागला होता आणि शेअर उघडताच आठशे अठरावर गेला होता. रेघोट्या मधल्या खुर्चीत, पाय पसरून, लोक त्याच्या पाठीवर थापा मारतायत. मालक केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात व्ह्यू. भाव कुठे जाणार ते आधीच ओळखलं." माझं दुखणं क्षणभर मीही विसरले. भाऊच तो.

मग त्याने काचेवर टकटक केलं. "ताई, माझ्या कॉलचा भाव चुकीचा दिसतोय. स्क्रीन अडकलाय बहुतेक."

मी बघितलं. भाव पावणेअकरा होता. स्क्रीन अजिबात अडकला नव्हता.

"कधी घेतलास? कितीला?"

"काल. साडेपंधराला. पण शेअर अठराने वर गेलाय. कॉल खाली कसा जाईल? काहीतरी गडबड आहे तुमच्याकडे."

"रँक बघितला होतास?"

"बघितला ना. अठ्ठेचाळीस. काकांना विचार."

मी आदल्या दिवशीचे आकडे काढले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठ्ठेचाळीस हा रँक नव्हता. अठ्ठेचाळीस ही नुसती आयव्ही होती. त्याने शेजारच्या रकान्यातला आकडा वाचला होता, आणि शंभरातले अठ्ठेचाळीस म्हणजे मधोमध, असं समजून निवांत झाला होता. त्या शेअरची आयव्ही वर्षभरात वीसच्या खाली गेली नव्हती आणि पन्नासच्या वर चढली नव्हती. वीस ते पन्नासमध्ये अठ्ठेचाळीस कुठे बसतं हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. रँक त्र्याण्णव होता. वर्षातल्या जवळजवळ सगळ्यात महाग दिवशी हा दुकानात शिरला होता.

"इकडे ये," मी म्हटलं. "आत ये. खुर्ची घे."

"उभाच ठीक आहे."

"बस म्हणते ना."

तो बसला. मी त्याला समजावलं, आणि सरळ सांगते, प्रेमाने नाही समजावलं. "फायनल मॅचच्या आदल्या दिवशी तू काळ्या बाजारात तिकीट घेतलंस. तुझी टीम जिंकली. छान झालं. पण मॅच संपल्यावर ते तिकीट त्या भावाने कोण घेईल? काल सगळ्यांना माहीत होतं, निकाल लागणार, शेअर उडणार, वर नाहीतर खाली. म्हणून काल प्रत्येक ऑप्शनच्या किमतीत त्या उडीचे पैसे आधीच घातले होते. निकाल लागला. आता धास्ती संपली. आयव्ही अठ्ठेचाळीसवरून चोवीसवर आली. शेअर वर गेल्याचं तुला मिळालं, पण धास्ती उतरल्याचं त्याहून जास्त गेलं. हिशेब इतकाच आहे."

"पण माझा व्ह्यू बरोबर होता."

"होता."

"मग?"

"मग काय मग? दिशा बरोबर होती. किंमत चूक होती. शेवटच्या दिवशी तुझा पैसा नुसता परत यायला शेअर आठशे साडेपस्तीसवर हवा. तुझं स्वतःचं लक्ष्य किती?"

तो खुर्चीवर मागेपुढे झुलू लागला.

"सांग ना. किती?"

"आठशे सव्वीस."

"म्हणजे तुझी रेघ तंतोतंत खरी ठरली तरी शेवटी तुझा तोटाच. हे तू विकत घ्यायच्या आधी कागदावर बेरीज करून बघू शकत होतास. बरं, घ्यायचंच होतं तर आठशे वीसचा घेऊन आठशे चाळीसचा विकायचा होतास. महाग वस्तू घेतलीस तशीच महाग वस्तू विकलीही असतीस. सगळं मिळून सहाला पडलं असतं आणि आज पावणेसात दिसले असते. आठशे चाळीसच्या वरची कमाई तू सोडून दिली असतीस, जी तुला नकोच होती."

काका मान खाली घालून बटणं पुसत होते. त्यांच्याकडे मी एकदाच बघितलं. ते म्हणाले, "मी विचारलं होतं बरं का." मी म्हटलं, "काका, विचारलंत, पण उत्तर पडताळलंत का? शेजारच्या स्क्रीनवर होतं." ते पुन्हा बटणं पुसू लागले.

मग मी तो प्रश्न विचारला जो आधी विचारायला हवा होता. "पैसे कुठले?"

त्याने कान खाजवला. लहानपणापासून खोटं बोलायच्या आधी हा कान खाजवतो. पण त्या दिवशी त्याने खरं सांगितलं, आणि ते खोट्यापेक्षा वाईट होतं. "तिच्या खोलीच्या अनामतीचे."

माझी भावजय फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे वाकवते, आणि सुट्टीच्या दिवशी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना चालवते. त्या सुट्टीच्या कामाचे पैसे तिने स्वतःच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवले होते. तळमजल्यावरची एक खोली तिने पसंत केली होती, पायऱ्या नाहीत म्हणून. मागच्या आठवड्यात जागामालकाने तिला मापं घ्यायला किल्ली दिली होती. उपचाराचं टेबल कुठे, आरसा कुठे, पडदा कुठे, हे ती मला फोनवर तासभर सांगत होती. अनामत भरायची शेवटची तारीख पुढचा गुरुवार होती, म्हणजे नेमका कॉल संपायचा दिवस.

"तिला विचारलंस?"

"दुप्पट करून देणार होतो. टेबलाचेही पैसे सुटले असते. एका दिवसाचा तर प्रश्न होता."

"तिला विचारलंस का, एवढंच विचारतेय."

"चार्ट इतका स्वच्छ होता, ताई, तू बघितला असतास तर..."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरंच वाटली. माझा गाल ठणकत होता, नाहीतर सांगता येत नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "आत्ता विक. बाकीचा तोटा मी आणि तू मिळून भरू. तिला आज सांग. जागामालकाला थोडी मुदत मागता येईल. आत्ता दोन तृतीयांश हातात आहेत. प्रत्येक दिवस जाईल तसा हा कॉल झिजणार आहे, शेअर जागचा हलला नाही तरी झिजणार आहे."

"लक्ष्य बाकी आहे. आठशे सव्वीस येऊ दे, विकतो."

"लक्ष्य आलं तरी साडेपंधरा दिसणार नाही."

"बघू."

"बघू काय बघू? खातं तुझं आहे, मी तुझ्या परवानगीशिवाय विकू शकत नाही, नाहीतर आत्ता बटण दाबलं असतं. निदान तिला आज रात्री सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सांगितलं." कान खाजवला होता की नाही ते मी बघितलं नाही, फोन चालू होता.

शुक्रवारी शेअर आठशे सव्वीसवर गेला, अगदी त्या रेघेवर. हॉलमध्ये पुन्हा गलका. कॉलचा भाव होता तेरा.

याहून स्पष्ट धडा बाजार कुणालाही देत नाही. रेघ खरी, लक्ष्य खरं, वेळसुद्धा चांगली, आणि तरी साडेपंधराचे तेरा. मी काचेतून ओरडले, "विक आता." खरंच ओरडले, ग्राहकांसमोर. तेरा म्हणजे जवळजवळ सगळेच वाचत होते, थोडंसंच कमी पडलं असतं, ते मी त्या संध्याकाळी दिलं असतं.

तो म्हणाला, "लक्ष्य गाठल्यावर तोट्यात कसा विकू? लोक काय म्हणतील?"

लोक. टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसलेली सतरा टाळकी. त्यांच्यासाठी. मी त्याला म्हटलं, "तुला पैसे नकोयत, तुला टाळ्या हव्यायत." तो उठून दुसऱ्या खुर्चीत बसला, जिथून काच दिसत नाही.

आणि मालक. मालकांनी त्या दिवशी काय करावं? त्यांनी रेघोट्याचा चार्ट मोठ्या कागदावर छापून घेतला, त्रिकोण, फुटलेली रेघ, बाण, आठशे सव्वीसवर लाल गोल, आणि हॉलच्या भिंतीवर डकवला. वर लिहिलं, महिन्याचा सर्वोत्तम व्ह्यू. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "त्याखाली त्याचा तोटाही लिहा." ते हसले. "अहो, चार्टने लोक येतात. तोट्याने कोण येतं?" मग म्हणाले, "तुमचा भाऊ आहे, तुम्हाला अभिमान वाटायला हवा." मी दार जरा जोरातच लावलं. गेली ती काच आधीच तडकलेली होती.

सोमवारी शेअर आठशे एकवीस. मंगळवारी तेवीस. हलत होता, पण जागच्या जागी. कॉल रोज थोडा थोडा मरत होता आणि माझा भाऊ रोज नवी रेघ मारत होता. "आता दुसरं लक्ष्य," म्हणे. दुसरं लक्ष्य! पहिलं गाठून पोट भरलं नव्हतं याचं. बुधवारी मी त्याच्याशी बोललेच नाही. मला भीती वाटत होती की बोलले तर असं काही बोलेन जे नंतर परत घेता येणार नाही.

गुरुवारी दुपारी भावजय ऑफिसात आली. हॉस्पिटलच्या कपड्यांतच होती, अर्धी रजा टाकून आली होती. तिने काचेतून मला हसून हात केला. त्या हसण्यावरून मला कळलं की त्याने तिला काहीही सांगितलेलं नाही.

"ताई, हा कुठेय? चेक घ्यायला आले. म्हणाला, बँकेत काहीतरी अडकलंय, गुरुवारी दुपारी इथेच ये, सोडवून ठेवतो. जागामालक पाचपर्यंतच थांबणार आहे."

मी काही बोलायच्या आत मालक पुढे झाले. "या, या. तुमच्या यजमानांनी आमचं नाव काढलं. हे बघा." आणि तिला भिंतीकडे घेऊन गेले. "आठशेला सांगितलं होतं, आठशे सव्वीसला जाईल. गेला. एकदम अचूक."

ती चार्टकडे बघत उभी राहिली. रेघोट्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठला. त्याचा रंग उडाला होता. हॉलमधले दोघेतिघे अजून कौतुकाने हसत होते, त्यांना काय माहीत.

"म्हणजे चांगलं झालं ना?" तिने त्याला विचारलं. "मग चेक दे."

"ते... एक मिनिट. संध्याकाळपर्यंत बघू. शेवटचा तास बाकी आहे."

"कसला शेवटचा तास?"

तो माझ्याकडे बघायला लागला. लहानपणी काच फुटली की असाच बघायचा, मी सांगावं म्हणून. आणि मी सांगितलं. कॉल, साडेपंधरा, त्र्याण्णव रँक, अठ्ठेचाळीसचा घोळ, पावणेअकरा, तेरा. रागाच्या भरात मी सगळंच ओकले. "मी याला गेल्या बुधवारीच म्हटलं विक. शुक्रवारी ओरडून म्हटलं विक. ऐकलं नाही. आत्ता भाव चार रुपयांवर आलाय. घटकाभरात संपेल. याने माझी पद्धत मोडली, रँक बघितला नाही, रकाना चुकला."

तिने सगळं शांतपणे ऐकलं. ती पेशंटचं ऐकते तसं, मध्ये न बोलता.

मग तो म्हणाला. मला वाटलं होतं आता तरी म्हणणार नाही. "पण व्ह्यू बरोबर होता. तिथे लावलाय बघ."

ती पुन्हा चार्टकडे वळली. जवळ गेली, बाणावरून बोट फिरवत लाल गोलापर्यंत आली. "हो," ती म्हणाली. "बरोबर आहे. यात माझी खोली कुठेय?"

मालक केबिनकडे सरकले.

"मी महाग घेतलं," तो म्हणाला. शेवटी म्हणाला. आठ दिवस मी या तीन शब्दांची वाट बघत होते आणि मला वाटलं होतं ते ऐकून राग जरा तरी उतरेल.

"महाग, स्वस्त मला कळत नाही," ती म्हणाली. "तू मला न विचारता घेतलंस." मग माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण मला त्या वेळी चढलेला परवडला असता. "आणि ताई, तुम्ही गेल्या बुधवारपासून चिडलायत, त्याने तुमचा आकडा चुकवला म्हणून. तुम्हाला निदान चुकीचा आकडा तरी सांगितला. मला कुणीच काही सांगितलं नाही. तुम्हीसुद्धा."

मी म्हणणार होते, तो 'सांगितलं' म्हणाला म्हणून मी थांबले. पण मी फोन उचलून तिला विचारू शकत होते. तिच्याशी तासभर पडद्याच्या रंगावर बोलणारी मी, एक फोन करू शकत होते. मी त्याच्याशी भांडण्यात इतकी गुंतले होते की ते सुचलंच नाही. मला राग आला, पहिल्यांदा योग्य माणसावर, आणि तो माणूस डेस्कमागे माझ्याच खुर्चीत बसला होता.

"पैसे मी देते," मी म्हटलं. "सगळे नाही जमणार आज, पण..."

"नको. त्याने मुदत मागितली असती शुक्रवारी, तर मिळाली असती. आता त्याच खोलीसाठी एक चष्म्याचा दुकानदार रोख घेऊन बसलाय. जागामालकाने कालच सांगितलं मला. मी म्हटलं, आमचे तयार आहेत."

तिने पर्समधून किल्ली काढली. तिला निळी सुतळी बांधलेली होती, मापं घेताना हरवू नये म्हणून तिनेच बांधली असणार. ती किल्ली तिने त्याच्या हातात ठेवली. मग भिंतीवरचा चार्ट चारही कोपऱ्यांतून सावकाश सोडवला, फाटू न देता, गुंडाळला आणि त्याच्या काखेत दिला.

"पाचच्या आत जा," ती म्हणाली. "किल्ली तू परत दे. आणि खोली का नको ते जागामालकाला तू समजावून सांग. व्ह्यू बरोबर होता म्हणून सांग."

तो निघाला. दारापाशी थांबला. मला वाटलं, मागे वळून तिच्याकडे बघेल.

त्याने स्क्रीनकडे बघितलं.